ड्यूटी चार्टवरील वेळा २४ तासांच्या घड्याळात कशा लिहाव्यात

अनेक वर्षांपूर्वी मी बारा-बारा तासांच्या पाळ्यांचा चार्ट हाताने लिहीत असे. रकाने अरुंद असल्यामुळे सकाळसाठी ‘स.’ आणि संध्याकाळसाठी ‘सं.’ असे संक्षेप मी वापरत होतो. दिवसपाळी म्हणजे ‘स. ७–७’ आणि रात्रपाळी म्हणजे ‘सं. ७–७’. मूळ कागदावर हे स्पष्ट दिसत होते, पण भिंतीवर लागत असे ती झेरॉक्स, आणि बहुतेकांच्या हाती असे तो त्या झेरॉक्सचा मोबाइलवर काढलेला फोटो. या प्रवासात एका बुधवारच्या चौकोनातील अनुस्वार पुसला गेला. सोमवार आणि मंगळवार दिवसपाळी केलेला कर्मचारी बुधवारीही सकाळी सात वाजता हजर झाला. त्या दिवसाची नेमणूक असलेला सहकारीही आलेला होता. काम जास्त असल्यामुळे दोघांना लावले असावे, असे दोघांनीही गृहीत धरले आणि दिवस नीट पार पडला. चूक कळली ती संध्याकाळी सात वाजता, जेव्हा चार्ज घ्यायला कोणीच आले नाही. दुसऱ्या माणसाची सोय होईपर्यंत रात्रीचे अकरा वाजले, आणि तोपर्यंत दोघांपैकी एकाला सलग सोळा तास थांबावे लागले.

ही चूक माझी होती, वाचणाऱ्याची नव्हती. दिवस आणि रात्र यांतला सगळा फरक मी एका ठिपक्यावर सोपवला होता. त्यानंतर मी चार्टवरील सर्व वेळा २४ तासांच्या घड्याळात लिहू लागलो. सात ते सात ही बारा तासांची पाळी २४ तासांच्या घड्याळाची सर्वांत कठीण परीक्षा घेते, कारण तिच्यात दिवसाच्या आणि रात्रीच्या पाळीचे आकडे अगदी तेच असतात. म्हणून पुढील सर्व मांडणी मी याच उदाहरणावर केली आहे. आठ तासांच्या तीन पाळ्या असतील तरी पद्धत हीच राहते.

आधी वेळ लिहिण्याचा एकच साचा ठरवावा

साचा असा असावा: तासासाठी नेहमी दोन अंक, मध्ये विसर्गासारखी दोन टिंबे, आणि मिनिटांसाठी नेहमी दोन अंक. म्हणजे ०७:००, १९:००, १३:३०. आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकातही वेळेचे रूप असेच दिलेले आहे.

यातील सुरुवातीचे शून्य अनेकजण गाळतात, आणि मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते. १९:०० ही वेळ स्वतःच सांगते की ती २४ तासांच्या घड्याळातली आहे, कारण बारा तासांच्या घड्याळात एकोणीस वाजतच नाहीत. पण चार्टवर नुसते ‘७:००’ दिसले तर वाचणाऱ्याला प्रश्न पडतो की हे खरोखर सकाळचे सात आहेत, की लिहिणाऱ्याने सवयीने संध्याकाळचे सात तसेच ठेवले आहेत. ‘०७:००’ मधील शून्य हा प्रश्न मिटवते, कारण बारा तासांच्या सवयीने लिहिणारा माणूस सहसा ते शून्य लावत नाही. सकाळच्या वेळांसाठी तेवढाच एक दृश्य पुरावा आपल्याजवळ असतो.

हा पुरावा १० ते १२ या तासांत मात्र मिळत नाही. १०:००, ११:०० आणि १२:०० या वेळा दोन्ही घड्याळांत सारख्याच दिसतात. ‘११:००’ म्हणजे सकाळचे अकरा हे वाचणाऱ्याला तेव्हाच खात्रीने कळते, जेव्हा संपूर्ण चार्टवर एकही वेळ जुन्या पद्धतीची नसते. म्हणून चार्टच्या डोक्यावर ‘सर्व वेळा २४ तासांच्या घड्याळानुसार’ अशी ओळ असावी आणि खाली ती ओळ खोटी ठरवणारी एकही नोंद नसावी. एखाद्या चौकोनात कोणी पेनाने ‘५ नंतर’ असे लिहिले, की त्या पानावरील प्रत्येक ११:०० संशयास्पद होते.

दोन टिंबांऐवजी पूर्णविरामाचे एक टिंब वापरू नये. कागदावर ७.३० कोणीही समजून घेईल, पण तोच आकडा संगणकावर भरला की काय होते ते पुढे येईल. टिंबे पूर्णपणे गाळून १९३० असेही लिहू नये, कारण घाईत तो आकडा वेळेऐवजी एखाद्या वर्षासारखा किंवा क्रमांकासारखा वाचला जातो.

बोलण्यातील वेळ लिहिताना कुठे पाय घसरतो

मराठीत आपण वेळ साडे, सव्वा आणि पावणे लावून सांगतो, आणि चार्ट करणारा माणूस बहुतेक वेळा अशीच तोंडी सांगितलेली वेळ कागदावर उतरवत असतो. ‘संध्याकाळी साडेसात’ म्हणजे १९:३० आणि ‘सव्वासात’ म्हणजे १९:१५ हे सहज जमते, कारण ऐकलेल्या आकड्यात बारा मिळवले की तास मिळतो. पावणेच्या बाबतीत मात्र ऐकलेला आकडा तासाचा नसतोच. ‘पावणेआठ’ ऐकल्यावर मनात आठ उमटतो, आठात बारा मिळवून वीस होतात, आणि हात २०:४५ लिहून मोकळा होतो. खरी वेळ १९:४५ असते. हस्तांतरासाठी पंधरा मिनिटे आधी यायचे असते तिथे पावणेचीच वेळ असते, त्यामुळे ही चूक नेमकी चार्ज देण्याघेण्याच्या क्षणी येऊन बसते. उपाय साधा आहे. पावणे ऐकले की आधी बारा तासांत पूर्ण वेळ लिहावी, म्हणजे ७:४५, आणि मगच तासात बारा मिळवावेत. दीड आणि अडीच यांचेही तसेच आहे, कारण त्यांच्यात तासाचा आकडा ऐकूच येत नाही. दुपारचा दीड म्हणजे १३:३० आणि दुपारचे अडीच म्हणजे १४:३० हे एकदा चार्टच्या कोपऱ्यात लिहून ठेवावे.

वाचणाऱ्याची चूक याच्या उलट दिशेने होते. सवय नसलेला माणूस १७:०० पाहतो, शेवटचा सात त्याच्या डोळ्यांत भरतो आणि तो संध्याकाळी सातला येतो, म्हणजे दोन तास उशिरा. १८ ला आठ आणि १९ ला नऊ समजणारेही भेटतात. उशीर बरोबर दोन तासांचा असेल तर कारण जवळपास नेहमी हेच असते, आणि अशा माणसाला आळशी ठरवण्याआधी त्याने चार्ट कसा वाचला ते विचारावे. त्याला सांगण्याची युक्ती अशी: तेरा ते एकोणीस या आकड्यांत पुढचा एक सोडून द्यावा आणि मागच्या अंकातून दोन वजा करावेत. सतराचे सात, सातातून दोन गेले, पाच. वीसपासून पुढे सरळ बारा वजा करावेत. तेरा आणि चौदा यांना ही युक्ती वापरली नाही तरी चालेल, कारण दुपारचा एक आणि दोन बहुतेकांच्या लवकर लक्षात राहतात.

वेळ बरोबर आणि तारीख चुकीची

२४ तासांचे घड्याळ सकाळ आणि संध्याकाळ यांचा गोंधळ मिटवते, पण तारखेचा गोंधळ ते मिटवत नाही. उलट मध्यरात्रीच्या आसपास तो अधिक लपतो, कारण आकडे नेमके दिसतात आणि नेमक्या आकड्यावर माणूस शंका घेत नाही.

बोलताना आपण रात्र तुटू देत नाही. ‘शनिवारी रात्री साडेबारा वाजता’ असे म्हणणाऱ्याच्या मनात शनिवारची संध्याकाळ संपल्यानंतरची रात्र असते. दिनदर्शिकेनुसार मात्र तो रविवार असतो आणि वेळ ००:३० असते. आता चार्ट करणाऱ्याने साडेबारा हे ००:३० असे अगदी बरोबर बदलले, पण रकाना शनिवारचाच ठेवला, तर कागदावर ‘शनिवार ००:३०’ उमटते. काटेकोर वाचणारा माणूस याचा अर्थ शुक्रवारची रात्र उलटल्यावरचे साडेबारा असा घेईल आणि चोवीस तास आधी येईल. ढोबळ वाचणारा माणूस बोलीतल्या अर्थाने शनिवारच्या रात्री येईल. दोघांचेही वाचन चुकीचे म्हणता येत नाही, आणि दोष पुन्हा लिहिण्याचाच ठरतो.

यासाठी मी दोन नियम पाळतो. पहिला असा की पाळी ज्या तारखेला सुरू होते त्या तारखेची मानावी, आणि ती तारीख मध्यरात्रीनंतर सुरू होणाऱ्या पाळीसाठी दिनदर्शिकेनुसारच लिहावी. दुसरा नियम असा की पाळी मध्यरात्र ओलांडत असेल तर संपण्याच्या वेळेपुढे दुसरी तारीख लिहावी. काही ठिकाणी तारखेऐवजी ‘+१’ लिहितात. जागा कमी असेल तर ते चालते, पण ‘मंगळ ०४’ असे लिहिलेले कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.

नेमकी मध्यरात्र हा वेगळा विषय आहे. जुन्या पद्धतीत ‘बारा’ या आकड्याने दुपार आणि मध्यरात्र दोन्ही लिहिली जात होती, आणि एएम-पीएम लावूनही ते सुटत नव्हते, कारण त्या अक्षरांचा अर्थच मध्यान्हाच्या आधी आणि मध्यान्हानंतर असा आहे आणि मध्यान्ह स्वतः कोणत्याच बाजूला बसत नाही. २४ तासांच्या घड्याळात दुपार १२:०० आणि मध्यरात्र ००:०० होते, म्हणजे हा पेच सुटतो. पण ‘सोमवार ००:००’ म्हणजे सोमवारची सुरुवात की शेवट, हा प्रश्न वाचणाऱ्याच्या मनात राहतोच. नियमाप्रमाणे तो सोमवारचा पहिला क्षण आहे. दिवसाचा शेवट दाखवण्यासाठी २४:०० लिहिण्याची रीतही आहे, आणि त्या रीतीवर मानक तयार करणाऱ्यांचेही मत बदललेले आहे. आयएसओ ८६०१ च्या २०१९ च्या आवृत्तीतून २४:०० वगळले गेले होते आणि २०२२ च्या दुरुस्तीने ते परत आले.

माझा सल्ला असा आहे की शक्य असेल तिथे कोणतीही पाळी नेमक्या मध्यरात्री सुरू करू नये किंवा संपवू नये. पाळीची सीमा २३:०० ला ठेवली, किंवा एखादे काम मध्यरात्रीऐवजी ००:१५ ला लावले, तर हा प्रश्न उद्भवतच नाही. सीमा मध्यरात्रीच ठेवणे भाग असेल, तर संपणारी पाळी २४:०० ला आणि सुरू होणारी पाळी पुढच्या तारखेच्या ००:०० ला लिहावी, आणि तोच प्रकार सगळीकडे ठेवावा.

एक चार्ट प्रत्यक्ष लिहून पाहू

चार कर्मचारी आहेत असे समजा: क, ख, ग आणि घ. प्रत्येकाने दोन दिवसपाळ्या, मग दोन रात्रपाळ्या आणि मग चार दिवस सुट्टी घ्यायची, म्हणजे आठ दिवसांचे एक चक्र होते. चौघे एकमेकांपासून दोन-दोन दिवसांनी मागे चालले की रोज दिवसा एक आणि रात्री एक माणूस मिळतो. सोमवार तीन तारखेपासून सुरुवात केली, तर पहिल्या चार दिवसांचा चार्ट असा दिसेल:

```
दिनांक      कर्मचारी   सुरू     संपते
सोम ०३      क         ०७:००   १९:०० सोम ०३
सोम ०३      घ         १९:००   ०७:०० मंगळ ०४
मंगळ ०४     क         ०७:००   १९:०० मंगळ ०४
मंगळ ०४     घ         १९:००   ०७:०० बुध ०५
बुध ०५      ख         ०७:००   १९:०० बुध ०५
बुध ०५      क         १९:००   ०७:०० गुरु ०६
गुरु ०६      ख         ०७:००   १९:०० गुरु ०६
गुरु ०६      क         १९:००   ०७:०० शुक्र ०७
```

बुधवारच्या ‘क’च्या ओळीकडे पाहावे. माझी चूक झाली होती ती हीच जागा होती, कारण इथे तो दिवसपाळीवरून रात्रपाळीवर जातो. जुन्या चार्टवर या चौकोनात आदल्या दोन दिवसांचेच आकडे होते आणि फरक फक्त ठिपक्याचा होता. आता १९:०० हा आकडा त्या ठिकाणी उभा आहे आणि झेरॉक्स कितीही फिकी आली तरी त्याचे ०७:०० होत नाही. पाळी बदलते ती जागा थोडी गडद करावी, कारण माणूस सवयीने चुकतो तो नेहमी बदलाच्या दिवशी.

संपण्याची तारीख लिहिल्यामुळे आणखी एक गोष्ट उघड होते. ‘क’ची सुट्टी शुक्रवार सात तारखेपासून सोमवार दहा तारखेपर्यंत आहे, असे चार दिवसांच्या चौकोनांवरून दिसते. पण त्याची शेवटची रात्रपाळी शुक्रवारी सकाळी ०७:०० ला संपते, म्हणजे सुट्टीचा पहिला दिवस त्याने कामावरच सुरू केलेला असतो. सुट्टी खऱ्या अर्थाने शुक्र ०७ च्या ०७:०० पासून मंगळ ११ च्या ०७:०० पर्यंत, म्हणजे ९६ तासांची आहे. हे तास पूर्ण आहेत, तरीही शुक्रवारी सकाळी बाहेरगावी निघायचे तिकीट काढण्याआधी माणसाला हे ठाऊक असायला हवे. जुना चार्ट ते सांगत नव्हता.

पाळ्यांना ‘दिवस’ आणि ‘रात्र’ अशी नावे द्यायची असतील तर ती वेळेच्या शेजारी जरूर असावीत, कारण दोन वेगळ्या खुणा एकमेकींची चूक पकडतात. ‘रात्र ०७:००–१९:००’ असे दिसले की कोणीतरी थांबून विचारेल. फक्त ही नावे पूर्ण शब्दांत लिहावीत. ‘स.’ आणि ‘सं.’ यांच्या वाटेला पुन्हा जाऊ नये.

संगणकावर भरताना

एक्सेलसारख्या तक्त्यात वेळ भरण्याआधी सुरू आणि संपते या दोन्ही रकान्यांना पुढील स्वरूप द्यावे. त्यामुळे 7:00 असे भरले तरी समोर शून्यासह दिसते.

```
hh:mm
```

आता पूर्णविरामाच्या टिंबाबद्दल. अशा रकान्यात सवयीने 7.30 असे भरले, तर संगणक ती साडेसातची वेळ समजत नाही, सात पूर्णांक तीन दशांश दिवसांचा आकडा समजतो. पूर्ण दिवस तो दाखवत नाही, उरलेल्या तीन दशांश दिवसाचे सात तास बारा मिनिटे होतात, आणि चौकोनात 07:12 दिसते. 19.30 भरले तरीही 07:12 च दिसते. आकडा इतका वेळेसारखा असतो की नजर त्यावरून सहज पुढे जाते, आणि रात्रपाळीचा माणूस सकाळच्या यादीत जाऊन बसतो. चार्टवर कुठेही बारा मिनिटांची विचित्र वेळ दिसली, किंवा अनपेक्षित 00:00 दिसले, तर टिंबाचा संशय घ्यावा. नुसते 7 किंवा 19 भरल्यावरही 00:00 च दिसते.

उलट प्रकारची चूक म्हणजे वेळ मजकूर म्हणून भरली जाणे. दिसायला ती अगदी ठीक असते, पण बेरीज-वजाबाकीत येत नाही. पुढील सूत्राचे उत्तर FALSE आले तर चौकोनात वेळ नाही, फक्त वेळेसारखी दिसणारी अक्षरे आहेत. देवनागरी अंकांत भरलेली वेळही अशीच मजकूर ठरू शकते, म्हणून तक्त्यात इंग्रजी अंक भरावेत आणि देवनागरी अंक हवे असतील तर ते छापायच्या प्रतीत आणावेत.

```
=ISNUMBER(C2)
```

पाळी किती तासांची आहे हे काढताना संपण्याच्या वेळेतून सुरू होण्याची वेळ सरळ वजा केली, तर रात्रपाळीचे उत्तर ऋण येते. मध्यरात्र ओलांडणाऱ्या पाळीसाठी पुढील सूत्र वापरावे. यात C मध्ये सुरू होण्याची आणि D मध्ये संपण्याची वेळ आहे, म्हणून संपण्याची तारीख वेगळ्या रकान्यात ठेवावी.

```
=MOD(D2-C2,1)*24
```

या उत्तराच्या रकान्याला साध्या संख्येचे स्वरूप द्यावे. एकूण तास वेळेच्या स्वरूपातच हवे असतील तर सूत्रातील *24 काढून [h]:mm वापरावे, नाहीतर बारा तासांच्या चार पाळ्यांची बेरीज ४८ तासांऐवजी 00:00 दिसेल, कारण साधे स्वरूप प्रत्येक चोवीस तासांनंतर पुन्हा शून्यावर येते.

भिंतीवर लावण्याआधीची तपासणी

वरील सूत्र तपासणीसाठीही उपयोगी पडते. १९:०० ऐवजी चुकून ०७:०० भरले आणि संपण्याची वेळ ०७:०० च असली, तर उत्तर शून्य येते. २३:०० ते ०७:०० या आठ तासांच्या पाळीत २३ ऐवजी ११ भरले गेले, तर उत्तर आठऐवजी वीस येते. म्हणजे पाळीच्या एका टोकाला बारा तासांची चूक झाली, तर तासांचा आकडा ती लगेच उघडी पाडतो.

दोन्ही टोके एकदम चुकली तर मात्र हे सूत्र मुके राहते. १९:०० ते ०७:०० ऐवजी ०७:०० ते १९:०० लिहिले गेले, तर दोन्हीकडे बाराच तास येतात. माझ्या त्या बुधवारी झालेली चूक याच जातीची होती, त्यामुळे केवळ तास मोजून ती मला सापडली नसती. ती पकडण्यासाठी माणसे मोजावी लागतात. प्रत्येक तारखेला ०७:०० ला किती जण सुरू करतात आणि १९:०० ला किती, हे वेगवेगळे मोजावे. A रकान्यात तारीख असेल तर रात्रपाळीची मोजणी अशी होते:

```
=COUNTIFS(A:A,A2,C:C,TIME(19,0,0))
```

आमच्या उदाहरणात प्रत्येक तारखेला याचे उत्तर १ यायला हवे. कुठे ० आले तर त्याच तारखेच्या दिवसपाळीत बहुधा २ सापडतील, आणि नेमका कोणता माणूस उलटा लिहिला गेला ते लगेच कळेल. कागदावर चार्ट करणाऱ्यांनी हीच तपासणी बोट ठेवून करावी: प्रत्येक ‘संपते’ वेळेपासून बोट पुढे न्यावे आणि नेमक्या त्याच तारखेला, त्याच वेळेला ‘सुरू’ होणारी दुसरी ओळ सापडते का ते पाहावे. सोमवारच्या ‘घ’ची पाळी मंगळ ०४ ला ०७:०० ला संपते, आणि मंगळ ०४ ला ०७:०० ला ‘क’ सुरू करतो. अशी साखळी सलग जुळत गेली की चार्ट बरोबर आहे. साखळी जिथे तुटते तिथे पोस्ट रिकामी राहणार असते.

शेवटची तपासणी दुसऱ्या माणसाकडून करून घ्यावी, आणि त्याला ‘बरोबर आहे का’ असे विचारू नये. चार्ट हातात देऊन बदलाच्या दिवसाची एखादी ओळ मोठ्याने बोलीभाषेत वाचायला सांगावी. ‘बुधवारी संध्याकाळी सातला यायचे आणि गुरुवारी सकाळी सातला सुटायचे’ असे त्याने म्हटले, तर लिहिलेले आणि समजलेले एकच आहे.

जुन्या पद्धतीवरून नव्या पद्धतीवर जाताना

बदल नव्या चक्राच्या पहिल्या पाळीपासून करावा, चालू चार्टच्या मध्यावर करू नये. पहिले दोन-तीन आठवडे २४ तासांच्या वेळेखाली लहान अक्षरांत ‘संध्याकाळी ७’ असे लिहिलेले असावे, आणि नंतर ते काढून टाकावे. ते कायम ठेवले तर लोक फक्त तेवढेच वाचतात आणि आकड्यांची सवय लागत नाही. भिंतीवरील काट्यांच्या घड्याळात आतल्या बाजूने १३ ते २४ चे आकडे चिकटवल्याने बराच उपयोग होतो. मोबाइलच्या तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये २४ तासांचा पर्याय असतो (अँड्रॉइडवर बहुधा Use 24-hour format या नावाने), तो चालू केला की पाळीचा गजर लावतानाही सकाळ-संध्याकाळचा घोटाळा होत नाही.

फोनवर निरोप देताना दोन्ही रूपे बोलावीत: ‘एकोणीस वाजता, म्हणजे संध्याकाळी सातला, बुधवारी.’ ऐकण्यात सतरा आणि सात जवळचे वाटतात, म्हणून नुसत्या आकड्यावर निरोप सोडू नये, आणि समोरच्याकडून वेळ परत म्हणवून घ्यावी. कोणी पाळीची अदलाबदल मागितली तर तिची नोंदही त्याच साच्यात, दोन्ही तारखांसह घ्यावी. ‘बुधची रात्र तू कर’ असे तोंडी ठरले आणि चार्टवर ती बदलली नाही, तर सगळी मेहनत वाया जाते.

ज्या प्रदेशांत उन्हाळ्यासाठी घड्याळे एक तास पुढे-मागे केली जातात, तिथे त्या दोन रात्रींसाठी चार्टवर स्वतंत्र टीप लागते. घड्याळ पुढे जाते त्या रात्री १९:०० ते ०७:०० ही पाळी प्रत्यक्षात अकरा तासांची होते आणि मागे येते त्या रात्री तेरा तासांची, तरी सूत्र मात्र दोन्ही वेळा बाराच सांगते. त्या दोन ओळींत तास हाताने भरावेत.

आणि जुन्या प्रती काढून घ्याव्यात. नवा चार्ट लावताना खालचा जुना कागद तसाच ठेवला, किंवा गटात पाठवलेला जुना फोटो तसाच राहू दिला, तर कोणी ना कोणी तोच उघडून पाहतो. प्रत्येक चार्टच्या वरच्या कोपऱ्यात तो कोणत्या तारखेच्या किती वाजल्यापासून लागू आहे ते लिहावे, उदाहरणार्थ ‘सोम ०३, ०७:०० पासून लागू’, म्हणजे मोबाइलमधल्या दोन फोटोंपैकी कोणता खरा, हे कर्मचाऱ्याला कोणालाही न विचारता ठरवता येते.